आधी नंबर कळवा, मग पत्ता देते

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. कुरिअरचा मुलगा तिथे एक चिठ्ठी ठेवून जातो. चिठ्ठीवर कंपनीचं नाव छापलेलं आहे आणि खाली पेनानं लिहिलंय : ‘पाटील, मंगळवार पेठ. पत्ता अपूर्ण. पार्सल ऑफिसला आहे. दोन दिवसांत घेऊन जावे, नाहीतर परत जाईल.’ त्याखाली एक मोबाइल नंबर, आणि शाखेच्या पत्त्याच्या जागी नुसतं ‘कोल्हापूर’. दुकानदार ती चिठ्ठी गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका पाटीलबाईंकडे पाठवतो, कारण गल्लीत सगळ्यात जास्त पार्सलं त्यांच्याकडे येतात. हा प्रसंग इथे उदाहरणादाखल घेतला आहे. पण अशी चिठ्ठी किंवा असा मेसेज आपल्यापैकी अनेकांच्या हातात कधी ना कधी पडलेला असतो.

चिठ्ठीवर दोन गोष्टी नाहीत. पार्सलचा नंबर नाही आणि पत्ता अर्धाच आहे. मंगळवार पेठेत पाटील किती, याचा अंदाज कोल्हापूरकराला सांगायला नको. म्हणजे हे पार्सल या बाईंचंच आहे, हेसुद्धा चिठ्ठीवरून ठरत नाही. अशा वेळी बहुतेक जण चिठ्ठीवरच्या मोबाइलवर फोन लावतात आणि एका दमात सगळं सांगून टाकतात. पूर्ण नाव, घर नंबर, खूण, दुसरा मोबाइल, दुपारी घरी कोण असतं तेही. पलीकडचा माणूस ‘बरं, पाठवतो’ म्हणतो आणि फोन ठेवतो. एवढं बोलून झाल्यावरही पार्सलचा नंबर आपल्याकडे आलेला नसतो. आपण काय सांगितलं याची नोंद कुठेच नसते. पार्सल परत गेलं, तर आपण फोन केला होता हे दाखवायला हातात काही उरत नाही.

म्हणून अशा चिठ्ठीला लेखी उत्तर द्यावं, आणि त्या उत्तरात क्रम पाळावा. आधी नंबर मागायचा आणि पूर्ण पत्ता नंतर द्यायचा. हा क्रम एवढा महत्त्वाचा का, हे कळायला कुरिअरच्या कार्यालयात पार्सल कसं ओळखलं जातं ते पाहावं लागेल.

पार्सल बुक होताना त्याला एक नंबर मिळतो. कुणी त्याला डॉकेट नंबर म्हणतं, कुणी एडब्ल्यूबी, कुणी कन्साइनमेंट नंबर, तर ग्राहक त्याला ट्रॅकिंग नंबर म्हणतात. पाकिटावरच्या लेबलवर तो बारकोडच्या खाली छापलेला असतो आणि पाठवणाऱ्याच्या पावतीवरही असतो. तिथून पुढे पार्सल जिथे जिथे थांबतं, तिथे बारकोडवर स्कॅनर फिरतो : बुकिंग झालं, पोत्यात भरलं, हबला पोहोचलं, हबमधून निघालं, शाखेत उतरलं. सकाळी डिलिव्हरीचा मुलगा निघतो तेव्हा त्याच्या नावावर जी यादी लागते, तिला रनशीट म्हणतात. पार्सल दिलं, तर सहीसकट नोंद होते. दिलं नाही, तर का दिलं नाही याचं कारण निवडावं लागतं : घर बंद, घ्यायला नकार, पत्ता अपूर्ण, ग्राहकाशी संपर्क नाही. या सगळ्या नोंदी त्या एका नंबराला चिकटलेल्या असतात. नावावरून किंवा गल्लीवरून शोधायची सोय काउंटरवर बसलेल्या माणसाकडे असतेच असं नाही. असली, तरी ‘पाटील’ टाकल्यावर समोर काय येईल ते उघड आहे.

आता बाईंच्या हातातली चिठ्ठी बघू. तिच्यावर नंबर नाही, म्हणून ती कुठल्याच नोंदीशी जोडता येत नाही. पुढे वाद झाला, तर कंपनी म्हणू शकते की आम्ही कळवलं होतं, ग्राहकाकडून प्रतिसाद आला नाही. बाई म्हणतील, मी फोन केला होता. पण फोन कुठल्या पार्सलबद्दल होता, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. नंबर मागण्यामागे केवळ पार्सल कुठवर आलं ते बघण्याची उत्सुकता नसते. आपलं म्हणणं एका ठरावीक पार्सलच्या नोंदीला बांधून ठेवायचं असतं.

टपाल खात्याच्या नंबरात तर एक जास्तीची सोय आहे. स्पीड पोस्टचा नंबर तेरा जागांचा असतो : सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी IN. ही रचना जागतिक टपाल संघाच्या एस-१० या मानकाप्रमाणे आहे. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीच्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नी गुणायचं, बेरीज करायची, तिला ११ नी भागायचं आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचं आणि ११ आलं तर ५. समजा फोनवर कुणी EM473124863IN असा नंबर सांगितला. पहिल्या आठ आकड्यांचे गुणाकार ३२, ४२, १२, २, ६, २०, ७२ आणि ४२. बेरीज २२८. अकरानं भागल्यावर बाकी ८, आणि ११ मधून ८ गेले ३. नववा आकडा ३ आहे, म्हणजे नंबर निदान नीट ऐकला गेला आहे. मधल्या ८ च्या जागी ३ ऐकला असता, तर बेरीज १८३ झाली असती आणि पडताळणीचा आकडा ४ आला असता, म्हणजे चूक तिथेच पकडता आली असती. खासगी कंपन्यांचे नंबर आपापल्या पद्धतीचे असतात, तिथे हा हिशेब लागू होत नाही. म्हणून नंबर नुसता ऐकून घेऊ नये, लेखी मागावा किंवा लेबलवरच्या नंबराचा फोटो मागावा.

आता पत्त्याकडे वळू. ‘मंगळवार पेठ’ एकट्या कोल्हापुरात नाही. ती पुण्यात आहे, साताऱ्यात आहे, सोलापुरातही आहे. वारांवरून पेठांची नावं ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत बाहेरच्या माणसाला चकवते. देशभर अशी सारखी नावं आहेत आणि ती वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या लिपींत लिहिली जातात. हीच अडचण लक्षात घेऊन श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची योजना आखली. केंद्रीय दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी असलेले वेलणकर संस्कृतचे कवीही होते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यातला पहिला आकडा विभागाचा असतो, आणि ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन पत्ते वाटणारं टपाल कार्यालय सांगतात. पुण्याच्या मंगळवार पेठेचा पिन ४११०११ आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेचा ४१६०१२. पत्त्यात पिन असता, तर निदान गावाचा घोळ होत नाही. पण पिन घरापर्यंत नेत नाही. तो एका टपाल कार्यालयाच्या हद्दीपाशी थांबतो, आणि त्या हद्दीत हजारो घरं असतात. पुढचं काम घर नंबर, इमारत, गल्ली आणि खूण यांनी करायचं असतं.

‘पत्ता अपूर्ण’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात, आणि उत्तर लिहिताना त्या वेगळ्या कराव्या लागतात. एक म्हणजे पाठवणाऱ्यानंच पत्ता अर्धा लिहिला असेल. दुसरी, पाठवणाऱ्यानं पूर्ण लिहिला, लेबलवरही पूर्ण छापला गेला, पण रनशीटवर किंवा डिलिव्हरीच्या मुलाच्या मोबाइलवर पहिली ओळच दिसली. तिसरी, लेबल आणि रनशीट दोन्ही ठीक आहेत, मुलाला घर सापडलं नाही किंवा वेळ नव्हता, आणि यादीतलं सोयीचं कारण म्हणून त्यानं ‘पत्ता अपूर्ण’ निवडलं. पहिल्या प्रकारात दुरुस्ती पाठवणाऱ्याकडून व्हायला हवी. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ती जबाबदारी शाखेची आहे, आणि ग्राहकानं माफी मागत पत्ता पुन्हा पुन्हा सांगण्याचं काही कारण नाही. यातलं काय झालंय हे लेबल पाहिल्याशिवाय कळत नाही. चिठ्ठीवर अपूर्ण आहे म्हणून लेबलवरही अपूर्णच असेल, असं धरून चालू नये.

इथे थोडं थांबून बनावट संदेशांबद्दल बोललं पाहिजे, कारण त्यांचा साचा नेमका हाच आहे. ‘तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपूर्ण असल्यानं देता आलं नाही, ४८ तासांत पत्ता अद्ययावत करा, नाहीतर परत जाईल’ आणि खाली एक लिंक. टपाल खात्याच्या नावानं फिरणारा असा मेसेज खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं जाहीर केलं आहे. पत्ता बदलण्यासाठी लिंक पाठवणारे असे मेसेज टपाल खातं पाठवत नाही. लिंक उघडली की पत्ता विचारतात, मग पुन्हा पाठवण्याचा किरकोळ आकार म्हणून थोडे रुपये मागतात, आणि त्यासाठी कार्डाचे आकडे टाकायला लावतात. त्यांना रस त्या आकड्यांत असतो. हा मेसेज लाखोंना एकच जातो, म्हणून त्यात नंबर नसतो. असलाच तर अधिकृत संकेतस्थळावर तो सापडत नाही. कुरिअर कार्यालयाच्या खऱ्या पण निष्काळजी चिठ्ठीत आणि या फसवणुकीत वरून फरक दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. नंबर न लिहिण्याची सवय लागलेल्या शाखा आपल्याच ग्राहकांना बनावट मेसेजवर विश्वास ठेवायला शिकवत असतात.

त्यामुळे उत्तर कुठे पाठवायचं हेही आधी ठरवावं लागतं. चिठ्ठीवरचा मोबाइल कुणाचा आहे हे बाईंना माहीत नाही. त्यांनी कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडलं आणि तिथून शाखेचा व ग्राहक सेवेचा ई-मेल घेतला. गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून पहिला सापडेल तो लावला नाही. तिथे फसवणूक करणाऱ्यांनी पेरलेले नंबरही सापडतात. ई-मेलसोबत चिठ्ठीचा फोटो जोडला आणि त्यांनी जे लिहिलं ते असं :

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस,
आपल्या कंपनीचे नाव असलेली एक चिठ्ठी आज सकाळी आमच्या गल्लीतील दुकानात ठेवलेली मिळाली. फोटो सोबत जोडला आहे. चिठ्ठीवर पार्सलचा नंबर नाही, पाठवणाऱ्याचे नाव नाही, पहिले नाव नाही आणि आपल्या शाखेचा पत्ताही नाही. त्यामुळे हे पार्सल माझे आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. ते माझे आहे असे मी या पत्राने म्हणत नाही.
पडताळणीसाठी माझे पहिले नाव ‘स’ या अक्षराने सुरू होते, पिन ४१६०१२ आणि माझ्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीच्या फोटोखाली लिहिले आहेत. आपल्याकडील लेबलवर हे जुळत असल्यास कृपया लेखी कळवावे : पार्सलचा पूर्ण नंबर, बुकिंगचे गाव व तारीख, पार्सल आपल्या शाखेत आल्याची तारीख, आणि लेबलवरील पत्त्यात नेमके काय नाही. जुळत नसल्यास तसे कळवावे, म्हणजे मी चिठ्ठी दुकानात परत देईन.
नंबर मिळताच तो आपल्या संकेतस्थळावर तपासून मी पूर्ण पत्ता त्याच दिवशी याच ई-मेलवर पाठवेन. तोपर्यंत पार्सल परत पाठवू नये. ‘ग्राहकाचा प्रतिसाद नाही’ अशी नोंद करू नये, कारण हे पत्र हाच प्रतिसाद आहे. या पार्सलसाठी कोणतीही रक्कम देणे असल्यास ती कशाची, हेही लेखी कळवावे. लिंकवरून मी पैसे भरणार नाही.
आपल्या शाखेचा पूर्ण पत्ता, वेळ आणि पार्सल किती दिवस ठेवले जाते, हे कळवावे.’

पत्र छोटं आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. ‘माझे आहे असे मी म्हणत नाही’ हे वाक्य लोक सहसा लिहीत नाहीत, पण ते असायला हवं. शेजारच्या पाटलांचं औषध किंवा चेकबुक चुकून आपल्या नावानं सुटलं, तर ते कुणी मागितलं होतं हा प्रश्न उभा राहतो. ही दक्षता कार्यालयाच्याही हिताची आहे. आलेल्या कुणालाही दुसऱ्याच्या लेबलचा पूर्ण फोटो पाठवणं शाखेला शोभत नाही. त्यावर नाव, पत्ता, मोबाइल सगळं असतं. म्हणून बाईंनी पूर्ण फोटो मागितला नाही. दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी माहिती द्यायची आणि ती जुळते का पाहायचं, अशी ही रीत आहे. नावाचं पहिलं अक्षर, पिन आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे एवढ्यावर शाखेला पार्सल ओळखता येतं, पण चुकीच्या हातात पत्र पडलं तरी त्या माहितीतून घरापर्यंत पोहोचता येत नाही.

त्याच कारणानं पहिल्या उत्तरात डिजिपिनही देऊ नये. टपाल खात्यानं २०२५ मध्ये आणलेला हा दहा अक्षरांचा संकेत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. घर सापडत नसेल तेव्हा तो फार उपयोगी पडेल, पण ओळख न पटलेल्या माणसाला देण्यासारखी ती गोष्ट नव्हे.

ई-मेल पाठवून झाल्यावर बाईंनी दुसरं एक काम केलं, आणि कित्येकदा प्रश्न तिथेच सुटतो. आपल्याला कोण काय पाठवू शकेल याचा विचार करून त्यांनी नाशिकच्या भाचीला फोन लावला. नंबर मिळण्याची दुसरी खात्रीची जागा पाठवणाऱ्याची पावती असते. पाठवणाऱ्यानं कंपनीशी करार केलेला असतो, पैसे भरलेले असतात. त्यामुळे पत्ता दुरुस्त करा किंवा पार्सल थांबवून ठेवा, ही त्याची सूचना कार्यालय अधिक लवकर ऐकतं. वस्तू ऑनलाइन मागवलेली असेल, तर नंबर ऑर्डरच्या पानावर असतो आणि पोहोचवण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळालाही विचारता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा संकेतस्थळानं तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. भाचीनं मात्र काही पाठवलेलं नव्हतं. बाईंना शाखेच्या उत्तराची वाट पाहणं भाग होतं.

उत्तरच आलं नाही तर? खासगी कुरिअर कंपन्यांवर देखरेख ठेवणारं वेगळं नियामक मंडळ आपल्याकडे नाही. टपाल कार्यालयाबाबत तक्रार असेल, तर खात्याच्या संकेतस्थळावर ती नोंदवता येते. खासगी कंपनीसाठी मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच आधार आहे. पैसे भाचीनं भरले आणि पार्सल बाईंचं, तर बाई ग्राहक ठरतात का, असा प्रश्न पडतो. ठरतात. पैसे देणाऱ्याच्या संमतीनं जो सेवेचा लाभ घेतो, तोही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ग्राहक आहे. सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणानं झालेलं नुकसान येतं आणि ग्राहकाला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणंही येतं. मागूनही नंबर न देणं यात बसवता येईल, पण त्यासाठी तो लेखी मागितलेला हवा. पहिलं उत्तर ई-मेलनं पाठवण्याचं महत्त्व इथे कळतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार घेऊन कंपनीकडे पाठवली जाते, आणि मला वाटतं, एवढ्या रकमेच्या पार्सलसाठी बहुतेक वेळा तीच पायरी पुरेशी असते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बनावट लिंकवर पैसे गेलेच असतील, तर मात्र ग्राहक आयोगाकडे न जाता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. तिथे जितक्या लवकर कळवलं जाईल, तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

भरपाईची अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत कंपनीची जबाबदारी ठरावीक रकमेपुरतीच असल्याचं छापलेलं असतं. परदेशी पाठवलेली कागदपत्रं वेळेत न पोहोचल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ही मर्यादा उचलून धरली, कारण पाठवणाऱ्यानं त्या अटींवर सही केली होती. मौल्यवान वस्तू पाठवताना किंमत जाहीर करावी आणि विमा घ्यावा असं सांगतात ते यासाठीच, आणि हे काम पाठवणाऱ्याचं आहे. घेणाऱ्याच्या हातात असतं ते पार्सल परत जाऊ न देणं.

बाईंना दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मजकूर दोनच ओळींचा होता : नंबर, बुकिंग औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, तारीख, आणि शाखेचा पत्ता. नंबर त्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. पार्सल तीन दिवसांपूर्वी शाखेत उतरलेलं दिसत होतं आणि त्यापुढे एकदाच ‘डिलिव्हरीसाठी बाहेर’, मग ‘पत्ता अपूर्ण’. बुकिंगचं गाव पाहिल्यावर त्यांना आठवलं, तिथल्या एका पुस्तक विक्रेत्याकडे त्यांनी फोनवरून पुस्तकं सांगितली होती. विक्रेत्यानं पावतीचा फोटो पाठवला. पावतीवर पत्ता चार ओळींत पूर्ण होता, घर नंबरासकट. म्हणजे पत्ता अपूर्ण नव्हताच. रनशीटवर पहिली ओळ उतरली होती आणि बाकीच्या तीन गळाल्या होत्या.

मग बाईंनी दुसरं उत्तर पाठवलं, त्याच ई-मेलच्या खाली, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एकाच जागी राहिला. यावेळी नंबर सगळ्यात वर, विषयाच्या ओळीत. त्याखाली पूर्ण पत्ता, लहानापासून मोठ्याकडे जाणाऱ्या क्रमानं : पूर्ण नाव, घर क्रमांक आणि मजला, इमारत, गल्ली, जवळची कायमची खूण, पेठ, गाव, पिन, मोबाइल. खूण म्हणून त्यांनी किराणा दुकान न लिहिता जवळचं देऊळ लिहिलं, कारण दुकानाची पाटी बदलते. आणि शेवटी आणखी एक मागणी केली : ‘पावतीवर पत्ता पूर्ण आहे, फोटो सोबत. कृपया “पत्ता अपूर्ण” ही नोंद दुरुस्त करावी.’ ही मागणी मानापमानाची नव्हती. पार्सल परत गेलं असतं, तर त्या नोंदीच्या जोरावर परतीचा खर्च विक्रेत्याच्या माथी पडला असता, आणि पुढच्या वेळी त्या पत्त्यावर पार्सल पाठवायला तो कचरला असता.

संध्याकाळी मुलगा दारात आला. ‘बाई, कागदावर नुसतं पाटील मंगळवार पेठच आलतं, म्हणून दुकानात ठेवलं बघा,’ तो म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. बाईंनी आधी लेबलवरचा नंबर ई-मेलमधल्या नंबराशी ताडून पाहिला. पाकीट कुठे फाटलं नाही ना, चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलेली नाही ना, हे बघितलं. मोबाइलवर आलेला ओटीपी त्यानंतर सांगितला, फोनवर कुणाला आधीच सांगितला नव्हता. सही करताना तारीख आणि वेळही घातली. शाखेकडून नोंद दुरुस्त झाल्याचा ई-मेल आला नाही, तेव्हा त्यांनी चार दिवसांनी त्याच नंबराचा हवाला देऊन पुन्हा विचारलं आहे, आणि विक्रेत्यालाही त्या पत्राची प्रत पाठवली आहे.